पंगत, प्यात आणि सासरची माणसं

रशियन शिकायला बसलेला मराठी माणूस फार लवकर आकड्यांपाशी अडखळतो. दोन भाऊ म्हणजे ‘द्वा ब्राता’, तीन भाऊ ‘त्री ब्राता’, चार भाऊ ‘चेतीरे ब्राता’. इथवर ठीक चाललेलं असतं. पाचवा भाऊ आला की एकदम ‘प्यात ब्रात्येव’. म्हणजे दोन, तीन आणि चार यांच्यापुढे नामाची षष्ठी एकवचनात येते, ‘भावाचा’ अशी, आणि पाचापासून पुढे तीच षष्ठी अनेकवचनात जाते, ‘भावांचा’ अशी. पाठ्यपुस्तक हा नियम चौकटीत छापतं, खाली वीस वाक्यं देतं आणि पुढच्या धड्याकडे वळतं. असं का होतं हे सांगत नाही. ते कारण आपल्या जेवणाच्या पंगतीत बसलेलं आहे.

पंगत हा शब्द संस्कृत ‘पंक्ति’वरून आला, हे आपल्याला ठाऊक असतं. पंक्ती म्हणजे रांग, ओळ, हेही ठाऊक असतं. पण या शब्दाचा जुना अर्थ ‘पाचांचा संच’ असा आहे. वेदात पंक्ती नावाचा एक छंद आहे आणि त्याचे चरण पाच असतात. पंच या संख्येला ‘ति’ प्रत्यय लावून ते स्त्रीलिंगी नाम झालं. पाचांच्या गटावरून कोणताही गट, मग कोणतीही ओळ, असा अर्थ पसरत गेला आणि शेवटी तो जेवायला बसलेल्यांच्या ओळीवर येऊन थांबला. रशियन ‘प्यात’ हा नेमका हाच शब्द आहे. त्याच्या शेवटचा त मऊ उच्चारायचा असतो, जणू पुढे एक पुसट इ आहे. ती पुसट इ म्हणजे ‘पंक्ति’तली इ. सुरुवातीच्या ‘प्या’मध्ये पूर्वी अनुनासिक स्वर होता. रशियनमधून तो फार पूर्वी गेला, शेजारच्या पोलिश भाषेत मात्र पाच म्हणताना तो आजही नाकातून ऐकू येतो. आपल्याकडेही ‘पंच’चा ‘पांच’ झाला, मग बोलताना नाकातला सूर गेला आणि १९६२च्या लेखननियमांनी डोक्यावरचा न उच्चारला जाणारा अनुस्वारही काढून टाकला. एकच वाट दोन भाषांनी आपापल्या परीनं चालली.

आता ‘प्यात ब्रात्येव’कडे पुन्हा पाहा. प्यात हे मुळात नाम आहे. पाचांचा गट. गट कोणाचा? भावांचा. म्हणून ‘भावांची पंक्ती’, आणि म्हणून अनेकवचनी षष्ठी. जुन्या स्लाव्ह भाषेत पाच ते दहा हे सगळे आकडे अशीच स्त्रीलिंगी नामं होती. म्हणून सहा, सात, आठ, नऊ, दहा या सगळ्यांपुढे हीच षष्ठी येते. इतकंच नव्हे, तर प्यात या शब्दाची विभक्तीची रूपं आजही रशियनमधल्या स्त्रीलिंगी नामांसारखी चालतात. रात्र या अर्थाचा ‘नोच’ जसा चालतो तसाच प्यात चालतो. ‘पंगत’ स्त्रीलिंगी आहे हे ज्याच्या लक्षात आहे, त्याला ही रूपं वेगळी घोकावी लागत नाहीत.

मग दोन, तीन, चार यांचं काय? ते मुळात विशेषणं होते. नामाबरोबर लिंग आणि विभक्ती बदलत चालायचे, जसं संस्कृतात चालतात. त्यातल्या ‘द्वा’पाशी जरा थांबायला हवं, कारण तिथे एक मेलेलं वचन जिवंत सापडतं. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना द्विवचन आठवत असेल. देवः, देवौ, देवाः. वेदाच्या भाषेत ‘देवौ’च्या जोडीला ‘देवा’ असंही द्विवचन आहे आणि ‘द्वौ’च्या जोडीला ‘द्वा’. जुन्या रशियनमध्येही द्विवचन होतं आणि पुल्लिंगी नामांना त्यात शेवटी ‘आ’ लागायचा. ‘द्वा ब्राता’ हे मूळचं द्विवचन आहे. पुढे भाषेतून द्विवचन नाहीसं झालं, पण ही जोडगोळी बोलण्यात इतकी रुळलेली होती की ती तशीच राहिली. योगायोगानं पुल्लिंगी षष्ठी एकवचनाचं रूपही ‘ब्राता’ असंच होतं. लोकांना वाटलं, ही षष्ठीच आहे. मग तो समज स्त्रीलिंगी नामांना लागला आणि तीन, चार यांनाही चिकटला. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. त्याच्या प्रवासवर्णनाच्या नावातले शेवटचे शब्द ‘त्री मोर्या’, म्हणजे तीन समुद्र, असे आहेत. आजचा रशियन माणूस ते नाव वाचतो तेव्हा त्याला त्यात ‘तीन समुद्राचे’ अशीच एकवचनी षष्ठी दिसते.

द्वा या आकड्याचं आणखी एक रूप आहे. स्त्रीलिंगी नामापुढे ‘द्वा’ चालत नाही, ‘द्व्ये’ म्हणावं लागतं. विद्यार्थी हे हमखास विसरतात. संस्कृतात पुल्लिंगी ‘द्वौ’ आणि स्त्रीलिंगी ‘द्वे’ आहे, आणि ‘द्व्ये’ म्हणजे तेच ‘द्वे’ होय. फरक एवढाच की संस्कृत नपुंसकलिंगालाही ‘द्वे’ वापरतं आणि रशियन नपुंसकलिंगाला ‘द्वा’ वापरतं. मराठीच्या ‘दोन’नं लिंगभेद टाकून दिला, पण माणसं मोजताना आपण तो जपला आहे. दोघे, दोघी, दोघं. आणि माणसं मोजण्यासाठी आकड्यांचा वेगळा संच ठेवायचा ही सवय रशियनलाही आहे. ‘द्वोये’, ‘त्रोये’, ‘चेत्वेरो’ म्हणजे आपले दोघे, तिघे, चौघे. ‘आम्ही दोघे आहोत’ हे रशियनमध्ये ‘नास द्वोये’ असं होतं. ‘द्वोये’ला संस्कृतातला जुळा शब्द ‘द्वय’ आहे, बंधुद्वयातला, आणि ‘त्रोये’ला ‘त्रय’. मात्र ‘द्वोये’ पुरुषांसाठी आणि मुलांसाठी. दोन बहिणींना ते लावलेलं व्याकरणाला खपत नाही, तिथे ‘द्व्ये’ घ्यावं लागतं. आपण ‘दोघे’ आणि ‘दोघी’ यांत गल्लत करत नाही, तोच कान इथे लावायचा.

एक ते दहा पाठ करताना मराठी विद्यार्थी रशियन आकडा थेट मराठी आकड्याशी जुळवायला जातो आणि निराश होतो. सात आणि स्येम, आठ आणि वोसेम, नऊ आणि देव्यात यांत काय साम्य दिसणार? याचं कारण मराठीत आहे. आपले रोजचे शब्द प्राकृतातून झिजत आले. मधली व्यंजनं गळाली, जोडाक्षरं सपाट झाली. रशियन शब्दांची झीज वेगळ्या जागी झाली. म्हणून रशियन शब्दाला मराठीतला सोबती शोधायचा तर बोलीतल्या झिजलेल्या शब्दाकडून एक पायरी मागे, तत्सम शब्दापर्यंत जावं लागतं. आणि आकड्यांचे तत्सम शब्द तर प्रत्येक मराठी घरात भिंतीवर टांगलेले असतात. कॅलेंडरवरच्या तिथी.

तिथी क्रमवाचक असतात, म्हणजे तिसरी, चौथी, सहावी, आणि त्या स्त्रीलिंगी असतात. रशियनमध्येही क्रमवाचक शब्दाला लिंग असतं आणि स्त्रीलिंगी रूप ‘आया’नं संपतं. तृतीया म्हणजे ‘त्रेत्या’, हिला तर ‘आया’ही लागत नाही, ती जवळजवळ जशीच्या तशी आहे. चतुर्थी म्हणजे ‘चेत्व्योर्ताया’. षष्ठी म्हणजे ‘शेस्ताया’. सप्तमी म्हणजे ‘सेद्माया’, आणि इथे एक हरवलेली वस्तू सापडते. साध्या ‘स्येम’मध्ये ‘सप्त’मधला प दिसत नाही आणि तही दिसत नाही, पण ‘सेद्माया’त द आहे. सप्तमीतल्या ‘प्त’चा म्‌ समोर असल्यामुळे द झाला आणि क्रमवाचक रूपात तो टिकला. अष्टमी म्हणजे ‘वोस्माया’. दशमी म्हणजे ‘देस्याताया’. वारांची नावंही यातूनच निघतात. रशियन आठवडा सोमवारी सुरू होतो, त्यामुळे गुरुवार हा चौथा दिवस. त्याचं नाव ‘चेतवेर्ग’. शुक्रवार पाचवा, त्याचं नाव ‘प्यात्नित्सा’. गुरुवार ही आठवड्याची चतुर्थी आणि शुक्रवार पंचमी, एवढं मनाशी धरलं तर हे दोन वार विसरत नाहीत. मंगळवारला मात्र ही युक्ती लागू नाही, कारण रशियनमध्ये दुसऱ्याला जो शब्द आहे त्याचा द्वितीयेशी संबंध नाही.

आठ आणि नऊ यांच्यात दोन अडथळे आहेत, ते वेगळे सांगायला हवेत. ‘वोसेम’मधला व नंतर आलेला आहे. ओनं सुरू होणाऱ्या शब्दापुढे व चिकटला. आपल्या ग्रामीण बोलीत ओळखीची ‘वळख’ होते, तशातलाच हा प्रकार. व काढा, मागे ‘ओसेम’ उरतं, आणि ते अष्टच्या शेजारी ठेवता येतं. चेक भाषेत आठ म्हणताना हा व नाही, त्यामुळे तो मागाहूनचा आहे हे पडताळूनही पाहता येतं. नऊ म्हणजे ‘देव्यात’ आणि दहा म्हणजे ‘देस्यात’. हे दोन इतके सारखे ऐकू येतात की बाजारात किंमत विचारताना नेमका तिथेच घोटाळा होतो. मूळ शब्दात नवचा न होता. मोजताना दहा लगेच मागोमाग येतो, त्याच्या ओढीनं नवातल्या नचा द झाला. बाल्टिक आणि स्लाव्ह भाषांत हे घडलं, पण बाल्टिक गटातल्या आता बोलल्या न जाणाऱ्या जुन्या प्रशियन भाषेत न शिल्लक होता, म्हणून हे कळलं. विद्यार्थ्यानं पहिल्या अक्षराकडे पाहूच नये. मधलं व्यंजन ऐकावं. मधे व असेल तर नव, मधे स असेल तर दश.

‘दश’चा ‘देस्यात’ होताना श गेला आणि स आला. शंभराचंही तसंच आहे. शत आणि ‘स्तो’. संस्कृतात श तिथे रशियनमध्ये स, ही जोडी बऱ्याच ठिकाणी भेटते. भ आणि ध यांतला हकार रशियनमध्ये नाही, म्हणून भ्रातृचा ‘ब्रात’, मधुचा ‘म्योद’. संस्कृतातल्या काही ह आणि ज यांच्या जागी रशियनमध्ये झ आहे, झाडातला झ. हिम आणि ‘झिमा’. या ‘झिमा’चा अर्थ हिवाळा, आणि आपला ‘हिवाळा’ही हिमापासूनच झालेला आहे. ज्ञानातला ‘ज्ञा’ आणि जाणणे या अर्थाचा ‘झ्नात’. दीर्घ ऊच्या जागी रशियनमध्ये एक खास स्वर येतो, जो शिकणाऱ्यांना फार छळतो. जीभ उ म्हणायला जाते तशी मागे न्यायची, पण ओठ गोल करायचे नाहीत. आपला ‘तू’ ओठ पसरून म्हणून पाहा. तोच रशियन ‘ती’ आहे, आणि त्याचा अर्थही ‘तू’च आहे. धूम आणि ‘दीम’, म्हणजे धूर. मूष आणि ‘मीश’, म्हणजे उंदीर.

या सगळ्यावरून कोणी म्हणेल, रशियन संस्कृतातून निघाली. असं हिरिरीनं सांगणारे भेटतात, आणि त्यामागचं प्रेम समजण्यासारखं असलं तरी ते खरं नाही. स्वरांकडे पाहिलं की कळतं. संस्कृतात नव आणि दश या दोन्हींत अ आहे. रशियनमध्ये नवा म्हणजे ‘नोव्ही’, तिथे ओ आहे, आणि दहा म्हणजे ‘देस्यात’, तिथे ए आहे. लॅटिनमध्येही नव्याला ओ आणि दहाला ए आहे. रशियन जर संस्कृतापासून झाली असती, तर एका अमधून कुठे ओ काढायचा आणि कुठे ए, हे तिला कसं कळलं असतं, आणि तेही नेमकं लॅटिनसारखं? म्हणजे दोन वेगळे स्वर आधी होते, संस्कृतानं ते एकात मिसळून टाकले, स्लाव्ह भाषांनी वेगळे ठेवले. उलट भ, ध यांतला हकार संस्कृतानं ठेवला आणि स्लाव्हनं टाकला. दोघी बहिणी आहेत, आई वेगळी आहे आणि तिचं लिहिलेलं काही उरलेलं नाही. जर्मन विद्वान फ्रान्झ बोप यानं १८३३पासून आपलं तुलनात्मक व्याकरण खंडाखंडानं छापायला सुरुवात केली आणि पुढच्या खंडांत जुनी स्लाव्ह भाषाही संस्कृताशेजारी मांडली, तेव्हापासून हे नातं रूपं रूपांशी लावून तपासलं गेलं आहे. शिकणाऱ्यालाही याचा उपयोग आहे. संस्कृत अ दिसला की रशियनमध्ये ए किंवा ओची वाट पाहायची.

इथे उच्चाराची एक खबरदारी. रशियनमध्ये आघात नसलेला ओ आज अ असा उच्चारतात. आग म्हणजे ‘ओगोन’, पण कानावर पडतं ‘अगोन’. अग्नीशी ते इतकं मिळतं की आनंद होतो. अग्नी आणि ओगोन यांचं नातं अगदी खरं आहे, पण हा विशिष्ट अ अलीकडचा आहे. त्यावरून शब्द लिहायला गेलं तर शुद्धलेखन चुकतं.

आता नाती. इथेही आपण आई, बाबा, बहीण यांच्यापासून सुरुवात करतो आणि हाताला फारसं काही लागत नाही. आईच्या ऐवजी ‘माय’ घेतली तर ती माता आणि रशियन ‘मात’ यांच्याजवळ येते. भाऊ हा भ्रातृचा झिजलेला अवतार. बहीण भगिनीवरून आली, आणि रशियन ‘सेस्त्रा’ तर ‘स्वसृ’ या जुन्या शब्दाची जोडीदार आहे. स आणि र यांच्यामध्ये स्लाव्ह भाषांनी एक त घातला, एवढंच. ‘स्वसृ’ मराठीत एकटी राहिली नाही, पण ‘मातृष्वसृ’ म्हणजे आईची बहीण, तिची प्राकृतातून मावशी झाली. मावशीतला ‘शी’ म्हणजे सेस्त्रा आहे.

‘मात’ आणि लेक या अर्थाचा ‘दोच’ हे दोन शब्द रशियन व्याकरणात अपवाद म्हणून शिकवतात, कारण विभक्ती लागली की त्यात कुठून तरी ‘एर’ उगवतो. ‘मातेरी’, ‘दोचेरी’. संस्कृतात मातृ हा शब्द प्रथमेत ‘माता’ असतो, र दिसत नाही. द्वितीयेत ‘मातरम्’ होतो, र येतो. दुहितृचंही तसंच, दुहिता आणि दुहितरम्. ‘वंदे मातरम्’ लहानपणापासून म्हणत आलेल्या माणसाला हा र परका वाटू नये.

पण नात्यांच्या शब्दांची खरी खाण सासरी आहे. मराठीत माहेरची नावं बदलली, सासरची जुनीच राहिली. सासरा म्हणजे श्वशुर, रशियन ‘स्व्योकोर’. सासू म्हणजे श्वश्रू, रशियन ‘स्वेक्रोव’. दीर म्हणजे देवर, रशियन ‘देवेर’. जाऊ म्हणजे संस्कृत ‘यातृ’, जुनी रशियन ‘यात्रोव’. हा शब्द आज रशियात बहुतेकांना माहीत नसतो, पण जुन्या शब्दकोशात आहे. विधवा म्हणजे ‘व्दोवा’. आणि सून म्हणजे संस्कृत ‘स्नुषा’, रशियन ‘स्नोखा’, उच्चार ‘स्नखा’. षच्या जागी इथे घशातला ख आला आहे. इ, उ, र, क यांच्यानंतर जुन्या सचा संस्कृतात ष झाला आणि स्लाव्ह भाषांत ख. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ होल्गर पेडरसन यानं १८९५मध्ये हा नियम स्लाव्ह भाषांपुरता मांडला. शुष्क आणि ‘सुखोय’ ही जोडी याच नियमातली. आपला ‘सुका’ शेजारी ठेवला की ‘का’ आणि ‘खो’ जुळल्यासारखे वाटतात, पण तो चकवा आहे. सुक्यातला क हा शुष्कमधला शेवटचा क, आणि रशियन ख हा त्याच्या आधीच्या षचा सोबती.

सासऱ्यात मात्र एक गाठ आहे. शला स हा नियम इथे मोडतो, ‘स्व्योकोर’मध्ये स नाही, क आहे. अशा काही शब्दांत स्लाव्ह भाषांनी क तसाच ठेवला आहे. नियम शिकवताना हा अपवाद पहिल्याच दिवशी सांगावा, नाही तर विद्यार्थी ‘स्वेसोर’ असं काहीतरी तयार करतो.

सगळ्यात जास्त चुका सून आणि ‘सिन’ यांत होतात. रशियन ‘सिन’ म्हणजे मुलगा. तो संस्कृत ‘सूनु’, आणि त्यातला इ म्हणजे मघाचा ओठ न गोल करता म्हटलेला ऊ. त्यामुळे मराठी कानाला तो ‘सून’ वाटतो. मुलाऐवजी सुनेची ओळख करून दिली जाते. सूनु आणि स्नुषा दोन्ही शब्द आठवणीत शेजारी ठेवले तर ही गल्लत थांबते. सूनुतला ऊ दीर्घ म्हणून सिन, स्नुषेतला उ ऱ्हस्व म्हणून स्नोखा. दुसरी जोडी दीर आणि दार यांची. रशियन ‘देवेर’ म्हणजे दीर आणि ‘द्वेर’ म्हणजे दार. आपल्याकडेही दोन्हींत एका स्वराचाच फरक आहे, कारण दोन्ही भाषांत देवर आणि द्वार हेच दोन शब्द आहेत.

सासरच्या या शब्दांना एक मर्यादा आहे आणि ती व्यवहारात महत्त्वाची आहे. ते सगळे बाईच्या सासरचे आहेत. नवऱ्याचे वडील, नवऱ्याची आई, नवऱ्याचा भाऊ. मराठीत पुरुषाच्या बायकोची आईही सासूच, पण रशियनमध्ये ती ‘स्वेक्रोव’ नव्हे, ‘त्योश्चा’. जावयानं सासूला स्वेक्रोव म्हटलं तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल. बर्टहोल्ड डेलब्रुक या जर्मन विद्वानानं १८८९मध्ये या सगळ्या भाषांतले नात्यांचे शब्द एकत्र मांडले. नवऱ्याकडच्या माणसांना सर्वत्र एकाच घराण्यातले शब्द आहेत आणि बायकोकडच्यांना तसे नाहीत, हे त्यातून दिसलं. लग्न झालेली मुलगी नवऱ्याच्या घरी राहायला जायची आणि तिला तिथल्या प्रत्येकाला काय म्हणायचं हे लागायचं, असा अर्थ त्यावरून लावला जातो. आज शहरातल्या रशियन कुटुंबात हे शब्द मागे पडत आहेत. दिराला सरळ ‘नवऱ्याचा भाऊ’ म्हणतात आणि सुनेला ‘नेवेस्तका’ हा दुसरा शब्द जास्त ऐकू येतो. कादंबऱ्या वाचताना मात्र जुने शब्द पानोपानी भेटतात.

सारखा दिसणारा प्रत्येक शब्द नात्यातला नसतो. रशियन ‘साखर’ म्हणजे आपली साखरच. पण हा वारसा नव्हे, प्रवास आहे. शर्करेचा शब्द मालाबरोबर पश्चिमेला गेला, ग्रीकांनी घेतला, तिथून रशियात पोचला. ओळखण्याची खूण अशी की नात्यातल्या शब्दांत वर सांगितलेले बदल दिसतात, उसन्या शब्दांत दिसत नाहीत. शर्करेला वारशाचे नियम लागले असते तर साखर इतकी सारखी उरली नसती. काका-मामासाठीचा ‘द्याद्या’ आणि आपला दादा यांच्यातही काही शोधू नये, तसे शब्द बोबड्या बोलातून कुठल्याही भाषेत तयार होतात.

आता एक वाक्य घेऊ. ‘सासूबाईंना तीन मुलगे आणि दोन सुना आहेत.’ रशियनमध्ये: ‘ऊ स्वेक्रोवी त्री सिना ई द्व्ये स्नखी.’ ‘ऊ’ म्हणजे जवळ, पुढे श्वश्रूची षष्ठी. ‘त्री’ म्हणून ‘सिना’ हे एकवचनी षष्ठीचं रूप. स्नखा स्त्रीलिंगी म्हणून ‘द्वा’ नाही, ‘द्व्ये’, आणि पुन्हा एकवचनी षष्ठी ‘स्नखी’. मुलगे पाच झाले तर ‘प्यात सिनोव्येय’, पंक्ती कोणाची तर मुलांची. मधे हा ‘ओव’ कुठून आला, असं विद्यार्थी विचारतात. संस्कृतात सूनुचं अनेकवचन ‘सूनवः’ होतं, गुरुचं ‘गुरवः’ होतं तसं. तो ‘अव’ आणि हा ‘ओव’ एकच, अला ओ या नियमानं.

घरात नणंद असेल तर तिच्यासाठी ‘झलोव्का’ म्हणावं लागतं. या शब्दाचे सोबती ग्रीक आणि लॅटिनमध्ये आहेत, नणंदेशी मात्र त्याचं काही नातं नाही. तो, एकासाठीचा ‘अदीन’ आणि हजारासाठीचा ‘तीस्याचा’ हे शब्द तसेच पाठ करायचे.